स्टेरॉईडचे मलम : पेराने मोजा, दिवस मोजून थांबवा

खाजेसाठी दिलेले मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एका ओळीत मावते. "दिवसातून एकदा, पातळ लावणे, १४ दिवस." पण पातळ म्हणजे किती, हे त्या ओळीतून कळत नाही. चौदा दिवसांनी उरलेल्या ट्यूबचे काय करायचे आणि हेच मलम अंगावर इतरत्र उठलेल्या खाजेला चालेल का, हेही कळत नाही. मग रोगी आपल्या अंदाजाने चालतो. कुणी भिंतीला रंग द्यावा तसे थापतो, तर कुणी 'स्टेरॉईड' हा शब्द ऐकून इतके थोडे लावतो की लावले न लावले सारखेच. आज या मलमाचे माप, मुदत आणि त्याच्या निषिद्ध जागा एका घरातल्या उदाहरणावरून पाहू.

गुरुजींचा पाय

एक निवृत्त शिक्षक डाव्या पायाला खाज सुटते म्हणून दाखवायला आले. घोट्याच्या वर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक चट्टा होता. तिथली कातडी जाड, काळपट आणि खरखरीत झाली होती. आठ महिन्यांपासून रात्री झोपताना तिथे खाज सुटायची, गुरुजी खाजवायचे, खाजवून कातडी आणखी जाड व्हायची आणि जाड कातडीला आणखी खाज सुटायची. याला आपण इसब म्हणतो.

मलम लिहून देण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे भाग होते. हे खरोखर इसबच आहे की गजकर्ण? गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल असतो, त्याची कड लाल आणि उठावदार असते आणि मधला भाग निवळत जातो. गुरुजींचा चट्टा उलट मध्येच सर्वांत जाड होता आणि कडेला विरत गेलेला होता. तरीही कडेची थोडी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी नव्हती. मगच क्लोबेटासॉल या औषधाची १५ ग्रॅमची ट्यूब लिहून दिली. लावण्याच्या स्टेरॉईडमध्ये हे सर्वांत जोरकस गटातले औषध आहे. जाड झालेल्या कातडीला सौम्य औषध पुरे पडत नाही, म्हणून ते निवडले.

गुरुजींनी विचारले, "डॉक्टर, लावायचे किती? वाटाण्याएवढे की हरभऱ्याएवढे?"

प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे नेमके उत्तर आहे.

बोटाचे एक पेर

अंगठ्याशेजारच्या बोटाकडे, म्हणजे तर्जनीकडे पाहा. टोकापासून पहिल्या घडीपर्यंतचा भाग म्हणजे टोकाचे पेर. ट्यूब दाबून या पेरावर टोकापासून घडीपर्यंत मलमाची एक सरळ रेघ काढा. ट्यूबचे तोंड साधारण ५ मिलिमीटरचे असेल, तर एवढ्या रेघेत सुमारे अर्धा ग्रॅम मलम येते. बाईमाणसाचे बोट लहान असल्याने किंचित कमी भरते. हे झाले एक माप. १९९१ साली वेल्समधील त्वचारोगतज्ज्ञांनी हे पद्धतशीर मोजून मांडले आणि आज जगभर हेच माप सांगितले जाते.

हे एक माप किती जागेला पुरते? मोठ्या माणसाचे दोन तळवे, बोटे एकमेकांना चिकटवून, जेवढी जागा झाकतील तेवढ्या जागेला. आपला चट्टा केवढा आहे ते आपल्याच तळहाताने मोजावे. चट्टा एका तळव्याएवढा असेल तर अर्धे पेर, दोन तळव्यांएवढा असेल तर एक पेर. संपूर्ण हाताच्या पंजाला, पुढून-मागून मिळून, एक पेर लागते. संपूर्ण पावलाला दोन पेरे लागतात. मूल लहान असले तरी माप मोठ्या माणसाच्याच पेराने घ्यायचे असते, फक्त किती पेरे ते डॉक्टर सांगतात.

गुरुजींचा चट्टा वर-खाली पसरट, दोन तळव्यांएवढा भरला. म्हणजे रोज एक पेर, अर्धा ग्रॅम. चौदा दिवसांत झाले ७ ग्रॅम. ट्यूब १५ ग्रॅमची. म्हणजे मुदत संपेल तेव्हा ट्यूब जवळजवळ अर्धी उरली पाहिजे. हा हिशेब मी त्यांना कागदावर लिहून दिला आणि सांगितले, "पुढच्या खेपेला पायाबरोबर ट्यूबही आणा." औषध बरोबर लावले की नाही, हे पायापेक्षा ट्यूब लवकर सांगते. पाच दिवसांत संपली असेल तर जास्त लावले. दोन आठवड्यांनी भरलेलीच असेल तर औषध लागलेच नाही, आणि मग 'गुण येत नाही' म्हणून औषध बदलण्यात अर्थ नाही.

लावण्याची रीतही सोपी आहे. अंघोळ करून किंवा साध्या पाण्याने जागा धुऊन हलकेच टिपून कोरडी करावी. पेरावरचे मलम चट्ट्यावर चार-सहा ठिपक्यांत ठेवावे आणि केसांच्या दिशेने हळुवार पसरावे. चोळू नये. मलम दिसेनासे झाले की पुरे. निरोगी कातडीवर पसरू नये. नंतर हात साबणाने धुवावेत. हाताच्याच इसबासाठी मलम असेल तर अर्थात धुवायचे नाहीत. कोरडी कातडी मऊ राहावी म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचे असेल तर मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर मलम पातळ होऊन भलतीकडे पसरते.

जोरकस मलम दिवसातून एकदा पुरते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नये. मलम लावून वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळणे किंवा घट्ट पट्टी बांधणे हा उपाय स्वतःच्या मनाने कधीही करू नये. झाकलेल्या, दमट कातडीतून औषध कितीतरी जास्त आत जाते.

चौदा दिवसच का?

स्टेरॉईड कातडीत दोन कामे करते. रक्ताच्या बारीक वाहिन्या आकसतात आणि शरीराची चिडलेली प्रतिक्रिया शांत होते, म्हणून लाली, सूज आणि खाज कमी होते. त्याचबरोबर कातडीच्या पेशी वाढण्याचा वेग मंदावतो. गुरुजींच्या जाड झालेल्या कातडीला हे दुसरे कामही हवेच होते. पण ती कातडी पुन्हा सपाट आणि मऊ झाल्यावर औषध चालूच ठेवले, तर तेच काम नुकसान करू लागते. चांगली कातडी पातळ होत जाते.

म्हणून क्लोबेटासॉलसारखे औषध डॉक्टरांनी पुन्हा पाहिल्याशिवाय सलग दोन आठवड्यांपलीकडे लावू नये. मोठ्या माणसालाही एका आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त लागता कामा नये, कारण मग औषध रक्तात जाऊन साऱ्या शरीरावर परिणाम करू लागते. तळहात-तळपायाची कातडी जाड असल्याने तिथे कधी तीन-चार आठवडे लागतात, पण तेही देखरेखीखाली. हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य औषध चेहऱ्यावर द्यावे लागलेच, तर बहुधा आठवडाभरच देतात.

गुरुजींना पुढचा टप्पाही सांगितला होता. खाज थांबली आणि कातडी सपाट झाली की एक आठवडा एक दिवसाआड, त्यानंतर बंद. नुसता काळपट डाग राहिला तर तो मलमाने घालवायच्या मागे लागू नये. तो डाग म्हणजे रोग नव्हे. तो काही महिन्यांत आपोआप फिका होतो.

ट्यूब रिकामी कशी?

चौदा दिवसांनी गुरुजी आले. पाय छान होता. खाज थांबली होती, कातडी बरीच मऊ झाली होती. पण ट्यूब पिळून चपटी झालेली. गुरुजी म्हणाले, "मी तर रोज एकच पेर लावले. हवे तर मंडळींना विचारा." त्यांचे म्हणणे खरे होते, कारण जास्त लावल्याची कोणतीही खूण पायावर नव्हती. मग आठ ग्रॅम मलम गेले कुठे?

घरी चौकशी झाली तेव्हा उलगडा झाला. आजोबांची खाज दोन दिवसांत थांबली हे पाहून पुतण्याने तेच मलम जांघेतल्या खाजेला लावायला सुरुवात केली होती. आणि कॉलेजात जाणारी नात, मैत्रिणीने 'याने रंग उजळतो' असे सांगितल्यामुळे, रात्री ते चेहऱ्याला लावत होती. दोघांनाही 'गुण' आला होता! म्हणूनच दोघांना घेऊन या, असे मी गुरुजींना सांगितले.

या दोन जागा समजून घेण्यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. १९६७ साली अमेरिकेतील फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती आत शिरते हे मोजले. हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला जेवढे शिरते त्याला एक धरले, तर तळपायातून त्याचा सुमारे सातवा हिस्साच शिरला. कपाळातून सहापट, जबड्याच्या कातडीतून तेरापट, आणि अंडकोशाच्या कातडीतून तब्बल बेचाळीसपट! ट्यूब तीच, बोट तेच, पण जागा बदलली की औषधाचा डोस बदलतो.

जांघ : खाज थांबली, रोग वाढला

पुतण्याला झाले होते ते गजकर्ण, म्हणजे बुरशीचा रोग. बुरशी शिरली की शरीर तिच्याशी झगडते आणि त्या झगड्यामुळेच लाली आणि खाज येते. स्टेरॉईड तो झगडा थांबवते. त्यामुळे खाज दोन दिवसांत जाते, पण बुरशी तशीच राहते आणि अडवणारे कुणी नसल्याने पसरते. राखणदाराला झोपवले म्हणून चोर गेला असे होत नाही.

पुतण्याच्या जांघेत गजकर्णाची ओळखीची लाल कड जवळजवळ पुसली गेली होती, पण चट्टा मांडीवर चार बोटे खाली उतरला होता. नुसते पाहून ओळखणे कठीण झाले होते. खपली तपासली तेव्हा बुरशी स्पष्ट दिसली. असेच महिनोन्‌महिने चालले असते तर एका कड्यात दुसरे कडे अशी वलये उठतात, रोग पोटावर आणि कुल्ल्यांवर जातो आणि जांघेत गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तशा रेघा उमटतात. कातडी आतून फाटल्याच्या या रेघा फिक्या होतात, पण पूर्णपणे कधीच जात नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर मी त्या पाहतो.

त्याचे मलम त्याच दिवशी बंद केले आणि नुसते बुरशीवरचे औषध दिले. आधीच बजावले, "आठवडाभर खाज पुन्हा जोर करील, घाबरू नकोस आणि जुन्या ट्यूबकडे वळू नकोस." बंद केल्यावर वाढणारी ही खाज म्हणजेच तो सापळा आहे. रोगी म्हणतो, 'तेच मलम बरे होते,' आणि पुन्हा तेच लावतो. बुरशीवरचे औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आणखी दोन आठवडे, चालू ठेवावे लागते. टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले आणि सैल असावेत. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करावा.

चेहरा : आधी उजळ, मग लाल

नातीचा चेहरा दहा दिवसांत खरोखर उजळ आणि तुकतुकीत दिसत होता. वाहिन्या आकसल्याने कातडी फिकी दिसते, रंगद्रव्यही कमी होते. पण हा उजाळा उसना असतो. दोन-चार महिने लावल्यावर चेहरा पातळ, लालसर होतो, गालांवर बारीक लाल शिरांचे जाळे दिसते, मुरमे येतात, हनुवटीवर लव वाढते. उन्हात गेले की आग होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे एक रात्र मलम चुकले की दुसऱ्या दिवशी चेहरा लाल होऊन चुरचुरतो, म्हणून ते सोडता येत नाही. असे रोगी देशभर इतके दिसू लागले की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळे नावच दिले आहे.

नातीचे दहाच दिवस झाले होते, म्हणून मलम थांबवणे पुरेसे झाले. चार दिवस थोडी चुरचुर झाली, गार पाण्याच्या घड्या आणि साधे व्हॅसलीन यांवर ती शमली. पण ज्यांनी महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावले आहे किंवा अंगाच्या मोठ्या भागावर सतत वापरले आहे, त्यांनी हा लेख वाचून एकाएकी सगळे बंद करू नये. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते सोडवावे.

चेहरा आणि जांघ यांच्याबरोबरच पापण्या, काख, स्तनांखालची घडी, गुप्तांग आणि बाळाची लंगोटाची जागा येथे जोरकस मलम लावू नये. डोळ्यांभोवती दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. बाळाचा लंगोट प्लॅस्टिकचा असेल तर तो झाकण्याचेच काम करतो, आणि बाळाच्या छोट्या देहाच्या मानाने थोडेसे मलमही पुष्कळ ठरते. उघडी जखम, भाजलेली जागा, पू झालेली पुळी, कांजिण्या, नागीण आणि खरूज यांवर हे मलम लावू नये.

ट्यूब वाचायची कशी?

आता प्रश्न उरतो, हे मलम स्टेरॉईडचे आहे हे ओळखायचे कसे? मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे पाहू नका. बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते चष्मा लावून वाचा किंवा घरातल्या शिकल्या मुलाकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी एक नाव दिसले तर ते स्टेरॉईड. पुष्कळ ट्यूबांत या औषधासोबत बुरशीवरचे आणि जंतूंवरचे औषधही मिसळलेले असते. 'सर्व प्रकारच्या खाजेवर चालते' म्हणून हातात पडणारी ट्यूब बहुधा हीच. बुरशीवरचे औषध आत आहे म्हणून ती गजकर्णाला सुरक्षित ठरत नाही, हे पुतण्याच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉईडच्या मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री कायद्याने बंद केली. तरी दुकानात नाव सांगून ट्यूब मागणारे आहेत आणि देणारेही आहेत. तेव्हा कायद्यापेक्षा घरातली शिस्त अधिक उपयोगी पडेल.

या शिस्तीसाठी गुरुजींच्या घरी आता एक रीत पडली आहे. नवी ट्यूब आणली की तिच्या खोक्यावर पेनाने तीन गोष्टी लिहायच्या : कुणाची, कोणत्या जागेची आणि बंद करण्याची तारीख. तारीख उलटली की उरलेले मलम टाकून द्यायचे, कपाटात ठेवायचे नाही. पंचवीस-तीस रुपयांचे उरलेले मलम टाकताना जीव कळवळतो खरा. पण पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या दुसऱ्याच खाजेला तेच बाहेर निघते.

मलम लावत असताना पुढील खुणा दिसल्या तर मुदत संपायची वाट पाहू नका : कातडी चकचकीत, कागदासारखी पातळ दिसू लागणे; बारीक लाल शिरा दिसणे; साध्या टोल्याने काळेनिळे पडणे; चट्टा निवळण्याऐवजी कडेने पसरणे; पू किंवा वेदना. आणि आठवडाभर पेराने मोजून नीट लावूनही काहीच फरक नसेल, तर मलम वाढवू नका. बहुधा रोगाचे निदान वेगळे असते. उरलेली ट्यूब खिशात घालून डॉक्टरांकडे जा आणि ती टेबलावर ठेवा. निम्मे उत्तर तिच्यातच असते.